विहार तलावाचं निवेदन: सगळी वाक्यं एकाच सुरात का पडतात

मुंबईच्या पाण्यावरच्या आमच्या छोट्या माहितीपटाचा पहिला भाग आता ऐकण्याजोगा झाला आहे. संहिता मैत्रिणीची, आवाज माझा. तिने एकच अट घातली होती, "अगं, माहिती एकही गाळायची नाही." त्यामुळे हात लावायचा तो फक्त वाक्यांना. या वेळची नोंद एकाच परिच्छेदाबद्दल आहे, कारण निवेदन कंटाळवाणं का होतं ते त्या एका परिच्छेदात मला नीट सापडलं.

मूळ मजकूर असा होता:

"विहार तलाव १८६० साली बांधून पूर्ण करण्यात आला होता. त्यापूर्वी मुंबईतील लोक विहिरी आणि तळ्यांचे पाणी वापरत होते. पावसाने ओढ दिल्यावर शहरात पाण्याची तीव्र टंचाई निर्माण होत होती. हेन्री कॉनिबेअर यांनी मिठी नदीच्या खोऱ्यात तलावाची आखणी केली होती. धरणाचे काम १८५६ साली सुरू करण्यात आले होते."

वाचायला यात काही खटकत नाही. माईकसमोर मात्र तिसऱ्या वाक्यापर्यंत आवाज झोपतो. ऑडॅसिटीत ध्वनिमुद्रण उघडलं तर समोर विटांची रांग दिसते: सारख्या लांबीचे ठोकळे, मधे सारख्याच फटी. तुमचं निवेदन कंटाळवाणं होतंय का, हे तपासायची ही सगळ्यात सोपी खूण. ऐकायच्या आधीच डोळ्यांना कळतं.

आधी मी शब्द मोजले आणि त्यातून फारसं हाती लागलं नाही. मराठीत शब्दमोजणी फसवी असते. 'पाणीपुरवठ्याच्या' हा एक शब्द आणि 'तो' हाही एकच. म्हणून तोंडाने म्हणताना जिभेला जितके ठोके पडतात ते मोजायला लागले. वरची पाचही वाक्यं तशी मोजली, तर प्रत्येकात वीस ते पंचवीस ठोके निघतात. आकडेही इथे चकवतात. १८५६ हे कागदावर चार खुणांचं दिसतं, पण 'अठराशे छप्पन्न' म्हणायला चांगलाच वेळ जातो. तेव्हापासून वाचायच्या प्रतीत साल अक्षरांत लिहिते. वाक्याची खरी लांबी तेव्हाच दिसते.

पण लांबी हा अर्धाच भाग. दुसरा अर्धा मराठीच्या घडणीत आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि आवाज तिथेच खाली उतरतो. त्यात पाचही वाक्यांचा शेवट 'होता', 'होते', 'होती'. म्हणजे प्रत्येक वेळी त्याच दोन ठोक्यांवर तीच उतरण. 'करण्यात आले होते' तर आणखी वाईट, कारण अर्थ 'सुरू' या शब्दावर संपलेला असतो आणि पुढे सहा-सात ठोके नुसतेच घरंगळतात. नुसती लांबी बदलून शेवट तसाच ठेवला तर फरक जेमतेम पडतो. हे मी ऐकून पाहिलं आहे, म्हणून ठामपणे लिहिते.

आता बदललेला मजकूर:

"मुंबई तेव्हा बेट. चहूबाजूंना खारं पाणी. प्यायला विहिरी आणि तळी, आणि पावसाने ओढ दिली की तीही तळ गाठायची. मग लोकांनी जायचं कुठे? उत्तर बेटाबाहेर होतं, साष्टीत, मिठी नदीच्या खोऱ्यात. हेन्री कॉनिबेअर यांनी आखणी केली, अठराशे छप्पन्नमध्ये काम सुरू झालं, आणि डोंगरांच्या मधली दरी अडवून पावसाळ्याचं पाणी साठवणारा तलाव अठराशे साठमध्ये तयार झाला. विहार."

पहिली दोन वाक्यं क्रियापदाशिवाय आहेत. त्यांचा शेवट नामावर होतो, आणि 'बेट' म्हणताना आवाज ठाम थांबतो, घरंगळत नाही. तिसऱ्यात 'गाठायची' हे रूप घेतलं, कारण टंचाई पुन्हा पुन्हा येत होती हे त्या एका रूपात येतं आणि 'होत होती'ची गरज उरत नाही. प्रश्न मुद्दाम टाकला, कारण तिथे आवाज वर जातो. सलग उतरणींमध्ये एक चढ मिळाला की पुढचं वाक्य नव्या पट्टीत सुरू करता येतं. पण एका परिच्छेदात एकच प्रश्न. दुसरा आला की शाळेतल्या तोंडी परीक्षेचा सूर लागतो.

'उत्तर बेटाबाहेर होतं' या वाक्यात क्रियापद मधेच उरकलं आणि ठिकाणं मागे ठेवली. बोलताना आपण असंच बोलतो: "गेला होता तो, दादरला." लिहिताना मात्र शाळेतली सवय आड येते. चित्राच्या दृष्टीनेही हे सोयीचं पडलं, कारण नकाशा बेटापासून साष्टी, साष्टीपासून मिठीचं खोरं असा सरकतो आणि नावं त्याच क्रमाने येतात.

मग ते लांब वाक्य, साठेक ठोक्यांचं. माझ्या वेगाने त्याला बारा सेकंद लागतात. ते लांब आहे कारण काम लांब चाललं: आखणी, सुरुवात, बांधकाम. ऐकणाऱ्याला वाट पाहायला लागावी, आणि मग दोन ठोक्यांत नाव. मैत्रिणीच्या मसुद्यात 'विहार' पहिलाच शब्द होता, त्यामुळे पुढच्या चारही वाक्यांत ऐकणाऱ्याला वाट पाहण्यासारखं काही उरत नव्हतं. तिला हा क्रम पटला, आणि तिच्या माहितीतलं काही गळलेलं नाही.

असं लांब वाक्य वाचताना धोका स्वल्पविरामाचा. 'आखणी केली' आणि 'सुरू झालं' इथे आवाज पूर्ण खाली आला तर ऐकणाऱ्याला तीन वेगळी वाक्यं ऐकू येतात आणि सगळी मेहनत वाया जाते. मी प्रतीवर स्वल्पविरामापाशी वर जाणारा बाण काढते आणि 'विहार'च्या आधी दोन उभ्या रेघा, म्हणजे पूर्ण श्वास. घर रुळांजवळ असल्यामुळे हे वाक्य दोन लोकलच्या मधल्या शांततेत बसवावं लागलं. संध्याकाळी ते जमत नाही, पहाटे जमतं.

मधे एक मसुदा सगळा तुकड्यांचा केला होता: "विहिरी. तळी. दुष्काळ. आणि मग एक तलाव." तो जाहिरातीसारखा वाजला. शिवाय सगळीच वाक्यं आखूड असली की तीही सारखीच होतात, ठोकळे लहान एवढाच फरक. एक लांब, एक आखूड अशी पाळी लावणंही टिकत नाही. कानाला तो ताल लवकर कळतो आणि तो पुढचं ओळखू लागतो. आखूड वाक्य कुठे ठेवायचं हे मजकुरानेच सांगावं: जिथे गोष्ट वळते किंवा नाव उघड होतं, तिथे.

दुसऱ्या भागाचं काम आता सुरू आहे आणि तो जास्त अवघड आहे, कारण त्यात तलावांची यादी आहे. तुळशी १८७९, तानसा १८९२, मग पुढचे. प्रत्येकाला 'बांधण्यात आला' लावलं तर आपण पुन्हा जुन्या जागी. सध्या पहिल्या दोघांना एकाच दमात घेते आहे, "तुळशी अठराशे एकोणऐंशीत, तानसा अठराशे ब्याण्णवमध्ये," आणि लगेच तानशावर थांबून एक मोठं वाक्य, कारण तिथून पाणी शहराच्या आसपासच्या टेकड्या सोडून ठाणे जिल्ह्यातल्या लांबच्या खोऱ्यांतून यायला लागलं. मोडकसागर आणि भातसा यांच्यासाठी असा आधार अजून सापडलेला नाही. यादी निवेदनात वाचलीच पाहिजे का, की नावं पडद्यावर दाखवून आवाज तेवढा वेळ गप्प ठेवावा, यावर आमचं एकमत व्हायचं आहे. कुणी अशी यादी आवाजात सांभाळली असेल तर तिचे शेवटचे शब्द काय ठेवले होते, ते वाचायला आवडेल.