सरळ तारीख, उलटा किल्ला

कॅमेऱ्याच्या चित्रावरून जागा ओळखण्याचे काम मी ग्वाल्हेरमध्ये वकिलांसाठी आणि विमा कंपन्यांसाठी करतो. बहुतेक प्रकरणांत मूळ रेकॉर्डिंग मिळते आणि प्रश्न लवकर सुटतो. गेल्या पावसाळ्यानंतर आलेल्या एका प्रकरणात मात्र एकच स्थिर चित्र उरले होते, आणि त्यावर माझ्या आधी एका तपासनिसाने प्रतिकूल शेरा मारून ठेवला होता.

किल्ल्याच्या पूर्वेला, रेल्वेच्या रुळांपलीकडे एका मराठी व्यापाऱ्याचे धान्याचे गोदाम आहे. रात्रीच्या पावसात अंगणात पाणी शिरले, खालच्या थराची पोती भिजली आणि जमिनीलगतच्या कपाटात ठेवलेला रेकॉर्डरही बुडाला. सकाळी त्यांच्या मुलाने मोबाईलवर कॅमेरा उघडून पडद्याचे जे चित्र टिपले आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवले, तेवढाच पुरावा शिल्लक राहिला. आधीच्या तपासनिसाने गोदामात जाऊन नव्या रेकॉर्डरवरचे चित्र या चित्राशेजारी ठेवले. मागे दिसणाऱ्या किल्ल्यावरच्या वास्तूंचा क्रम दोन्हींत उलट आहे, म्हणून हे चित्र किल्ल्याच्या पश्चिमेकडून, बहोडापूरच्या बाजूने घेतलेले असावे, असे त्याने लिहिले. थोडक्यात, दावा खोटा. व्यापारी मला म्हणाले, "अहो, माझेच अंगण मी ओळखणार नाही का?" मी त्यांना सांगितले, "काका, तुम्ही ओळखता हे मला पटते. पण अहवालात ते लिहिता येत नाही."

कोणतेही माप घेण्याआधी चित्राचा आकार दुरुस्त करावा लागतो, आणि ही पायरी आमच्या व्यवसायात सर्रास गाळली जाते याचा मला मनापासून राग येतो. मोबाईलवर कॅमेरा पाहताना बहुधा मुख्य चित्र येत नाही. डेटा वाचवण्यासाठी दुय्यम प्रवाह येतो, आणि तो इथे ३५२ × २८८ पिक्सेलांचा होता. कॅमेऱ्याचे मूळ चित्र १६:९ प्रमाणाचे, म्हणजे रुंद असते. ते या चौकटीत बसवताना आडवे दाबले जाते. उंची २८८ ठेवून रुंदी ५१२ केली की प्रमाण पूर्ववत होते. ताणल्याने नवा तपशील येत नाही, पण कोन खरे होतात. तसे न केल्यास रुंद इमारत अरुंद दिसते आणि दोन खुणांमधले अंतरही चुकते.

आता किल्ल्याकडे येऊ. ग्वाल्हेरचा डोंगर उत्तर-दक्षिण लांबट आहे. त्याच्या पूर्वेच्या कड्यावर उत्तरेकडे मानमंदिर महाल आहे आणि त्याच्या दक्षिणेला, सुमारे सातशे मीटरांवर, सासबहूचे मंदिर आहे. पूर्वेकडून पाहणाऱ्याला महाल उजवीकडे आणि मंदिर डावीकडे दिसते. चित्रात महालासारखी लांबट वास्तू डावीकडे होती आणि मंदिराचा निमुळता ठोकळा उजवीकडे. आधीच्या तपासनिसाने एवढाच क्रम पाहिला आणि दिशा ठरवून टाकली.

त्या डावीकडच्या वास्तूवर मी बराच वेळ घालवला. रुंदीला ती जेमतेम वीस पिक्सेल होती; बुरूज मोजणे शक्य नव्हते. परंतु तिची वरची कड दातेरी होती, आणि ती थेट कड्याच्या सरळ भिंतीवर उभी होती, मध्ये पठाराची पट्टी नव्हती. गोल बुरूज आणि त्यांवरचे घुमट असलेली मानमंदिराची दर्शनी बाजू पूर्वेकडेच आहे; पश्चिमेकडून पाहिल्यास महाल पठाराच्या पलीकडच्या कडेला जातो आणि हा देखावा मिळत नाही. शिवाय चित्रावरची वेळ सकाळी सातनंतरची होती आणि कड्याचा दर्शनी भाग उजळलेला होता. पश्चिमेकडून त्या वेळी कडा सावलीत असता. म्हणजे क्रम पश्चिम सांगत होता आणि वास्तू व ऊन पूर्व सांगत होते. हे दोन्ही एकत्र खरे ठरण्याची एकच शक्यता होती: चित्र आरशासारखे उलटलेले असणे.

यावर पहिला आक्षेप नेहमी तारखेचा येतो. वरच्या कोपऱ्यातली तारीख सरळ वाचता येते, मग चित्र उलटे कसे? परंतु कॅमेऱ्यातला मिरर पर्याय फक्त दृश्य उलटवतो. तारीख आणि वेळ त्यानंतर रेकॉर्डर चढवतो, त्यामुळे अक्षरे सरळच राहतात. पुरावा दृश्यातच शोधावा लागतो. फाटकाबाहेरच्या गल्लीत एक मोटरसायकल होती आणि मागे एक बाई एका बाजूला पाय सोडून बसली होती. आपल्याकडे असे बसताना पाय डावीकडे असतात, साडी अडकू नये म्हणून लावलेली जाळीही डावीकडेच असते. चित्रात पाय उजवीकडे होते. ती गाडी आणि समोरून येणारी रिक्षा, दोन्ही रस्त्याच्या उजव्या बाजूने चालल्या होत्या. एखादे वाहन चुकीच्या बाजूने जाऊ शकते; पण या तिन्ही गोष्टी एकाच वेळी उलट असणे हा योगायोग मानता येत नाही.

चौकशी केल्यावर मुनीमजींनी सांगितले की कार्यालयातल्या बैठकीवरून फाटक ज्या बाजूला आहे, त्याच बाजूला ते पडद्यावर दिसावे म्हणून त्यांनीच मूळ बसवणीच्या वेळी तसे करून घेतले होते. नवा रेकॉर्डर लावताना तंत्रज्ञाने कॅमेऱ्याच्या सेटिंग मूळपदावर आणल्या आणि तो एकमेव थेट पुरावा पुसला गेला.

तरीही "पूर्वेकडून" म्हणजे "याच गोदामातून" नव्हे. कॅमेरा भिंतीवर तसाच होता, त्यामुळे त्याच्या भिंगाचा कोन मी अंगणात फीत धरून मोजला. तो आडवा सुमारे ८० अंश निघाला. चित्र पुन्हा उलटवून, कडांकडचा वक्रपणा काढून, महाल आणि मंदिर यांच्यातला कोन सुमारे २५ अंश आला. दोन स्थिर खुणा एकाच कोनात दिसणाऱ्या सर्व जागा एका वर्तुळाच्या कंसावर असतात. कड्याच्या अगदी समोर उभे राहिल्यास हा कंस इथे कड्यापासून साधारण १.६ किलोमीटरवर येतो. कोनात एका अंशाची चूक झाली तर तिथे साठ-सत्तर मीटरांचा फरक पडतो, आणि त्या कंसावर डझनावारी गोदामे आहेत.

निकाल लागला तो जवळच्या खुणेने. सुमारे तीनशे मीटरांवर पाण्याची एक उंच टाकी आहे आणि चित्रात तिचा डावा खांब मंदिराच्या बरोबर खाली येतो. टाकी आणि मंदिर यांना जोडणारी सरळ रेषा मागे वाढवली की ती कंसाला या अंगणातच छेदते. कॅमेरा पंधरा मीटर बाजूला, म्हणजे शेजारच्या गोदामावर असता, तर टाकी मंदिरापासून दहापेक्षा जास्त पिक्सेल सरकली असती. इतक्या खराब चित्रातही हे सहज दिसते. दूरचा किल्ला शहराचा भाग सांगतो, भिंत मात्र जवळची टाकी सांगते.

मी अहवालात जागा निश्चित असल्याचे लिहिले आणि दिवसाबद्दल मत देता येत नाही, हेही लिहिले. पडद्यावरची तारीख रेकॉर्डरच्या घड्याळाची असते, ते घड्याळ बरोबर होते की नाही हे बुडालेल्या यंत्रातून कळले नाही, आणि पाठवताना फाईलमधली मूळ माहिती गेली होती. काकांना हे दुसरे वाक्य खटकले. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी फोन करून "मग दावा खरा की खोटा, एका शब्दात सांगा" अशी मागणी केली, आणि मी तेच उत्तर पुन्हा दिले. फाटकावर पाणी कोणत्या पट्टीपर्यंत चढले हे त्या चित्रातून मला मोजता येते. ते त्याच रात्रीचे पाणी होते हे दाखवण्याचा मार्ग मी अजून शोधतो आहे, आणि शेजारच्या गोदामांच्या कॅमेऱ्यांतले त्या सकाळचे काही उरले आहे का, याची विचारपूस काकांनी माझ्या सांगण्यावरून सुरू केली आहे.