आमची वाटचाल : गाळ्याचं भाडं आणि आपणच भरायचा कर

वागळे इस्टेटमध्ये आम्ही दोन लेथवर जॉबवर्क सुरू केलं तेव्हा जीएसटी यायचा होता. जुलै २०१७ मध्ये तो आला आणि नोंदणी नसलेल्यांकडून दिवसाला ५,००० रुपयांच्या वर घेतलं की कर आपणच भरा, असा नियम लागला. चिठ्ठ्या जमवताना नाकी नऊ आले. १३ ऑक्टोबरला तो स्थगित झाला आणि रिव्हर्स चार्ज, म्हणजे देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायचा, हा शब्दच आम्ही डोक्यातून काढला.

तोच नडला. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या मालकाची व्यापारी जागा नोंदणीकृत धंद्याने भाड्याने घेतली, तर त्या भाड्यावरचा कर भाडेकरूने भरायचा झाला. आमच्या गाळ्याचे मालक काका निवृत्त, नोंदणी नाही. भाडं ४०,०००, दर महिन्याच्या ५ तारखेला. १८ टक्क्यांनी ७,२०० रुपये. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी असे तीन महिने आम्ही फक्त भाड्याची नोंद केली. फेब्रुवारीच्या शेवटी सीएंनी बँक स्टेटमेंट पाहिलं आणि विचारलं, "याचं सेल्फ इनव्हॉइस कुठंय?" म्हणजे काकांऐवजी आम्हीच बनवायचं भाड्याचं बिल.

२१,६०० भरायचे होते. आमच्या क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट जमते त्या खात्यात, त्याहून जास्त पडून होते, म्हणून मी म्हटलं, वळते करून टाका. ते चालत नाही. रिव्हर्स चार्जचा कर रोखीनेच, म्हणजे कॅश लेजरमधूनच जातो. पगाराच्या आठवड्यात ते जड गेलं.

मग नोंदी नीट बसवल्या. भाडं नावे, काका जमा, ४०,०००. कर भाड्याच्या खर्चात धरायचा नाही. नाहीतर एकदा खर्च म्हणून आणि एकदा क्रेडिट म्हणून, असा दोनदा धरला जातो. त्यासाठी वेगळी नोंद, रिव्हर्स चार्जला आरसीएम म्हणून: 'आरसीएम क्रेडिट, भरणा बाकी' नावे ७,२०० आणि 'आरसीएम देय' जमा ७,२००, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. कर भरला की देय खातं मिटतं आणि तेव्हाच बाकीतली रक्कम खऱ्या क्रेडिट खात्यात न्यायची. महिनाअखेरीस या दोन खात्यांच्या बाकी जुळल्या नाहीत, तर एखादा भरणा किंवा एखादं क्रेडिट राहिलंय, हे लगेच कळतं.

क्रेडिटसाठी पुढच्या महिन्यापर्यंत थांबावं लागतं, असं मला वाटायचं. तसं नाही. २० मार्चला भरलेल्या फेब्रुवारीच्या GSTR-3B या मासिक रिटर्नमध्ये 3.1(d) ला कर दाखवला आणि त्याच रिटर्नमध्ये 4(A)(3) ला क्रेडिट घेतलं. आमचं सगळं काम करपात्र, म्हणून पूर्ण मिळालं. करमाफ मालाचा धंदा असता, तर तेवढा भाग सोडावा लागला असता.

परत आलं नाही ते व्याज. नोव्हेंबरच्या ७,२०० वर ९० दिवसांचं, डिसेंबरवर ५७, जानेवारीवर २८, दरसाल १८ टक्क्यांनी मिळून सुमारे ६२१ रुपये.

आता ५ तारखेला काकांना भाडं पाठवलं की त्याच दिवशी सेल्फ इनव्हॉइस आणि पेमेंट व्हाउचर बनतं. मुदत तीस दिवसांची असली, तरी भाडं दिलं की कर लागू झालाच, मग थांबायचं कशाला? काकांना मात्र अजून वाटतं, हा कर आम्ही त्यांच्या भाड्यातून कापतो. दर दिवाळीला एकदा समजावून सांगतो.