ब्रेक ऑइलच्या डब्याचे दोन स्क्रू

मे महिन्यातली दुपार. अंबाजोगाई रोडवरच्या माझ्या गॅरेजात पत्रा तापून भट्टी झालेली. तेवढ्यात एक मास्तर गाडी ढकलत घेऊन आले. मागं त्यांचं कॉलेजातलं पोरगं, मान खाली घालून.

"बगा हो, ह्यानं काय करून ठेवलंय. ब्रेक ऑइल कमी झालं म्हनून झाकन उघडाया गेला."

हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डब्याला दोन चपट्या डोक्याचे स्टार स्क्रू असतात. दोन्हींच्या खाचा झिजल्या होत्या. एकीत अजून जरा धार होती, दुसरीची निव्वळ वाटी झालेली. पोरानं घरातला साधा स्टार ड्रायव्हर वापरलेला. जपानी बनावटीच्या गाड्यांवरची चौफुली दिसायला तशीच, पण तिचा आकार जरा वेगळा. आपला ड्रायव्हर तिच्या तळाला नीट टेकत नाही. जोर लावला की वर सरकतो आणि सरकताना कडा खातो. अशा स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका असतो, तो बघायची सवय लावून घ्यावी. त्यात स्क्रू लोखंडी आणि डबा ॲल्युमिनियमचा. पावसाचं पाणी आत गेलं की आटे एकमेकांना धरून बसतात.

पहिल्या स्क्रूला सायकलच्या ट्यूबचा पातळ तुकडा कापून खाचेवर ठेवला. रुंद रबरबँडही चालतो. रबर झिजलेल्या जागेत भरतं आणि ड्रायव्हरला धरायला काहीतरी मिळतं. पण डोकं तेलकट असेल तर उपयोग शून्य, म्हणून आधी कापडानं कोरडं पुसलं. मग तळहाताचा सगळा भार वरून दिला आणि सावकाश फिरवलं. झटका दिला की रबर फाटतं. कर्रर आवाज झाला आणि स्क्रू सुटला. पोराचे डोळे चमकले.

दुसऱ्याला तीन तुकडे फाडले. स्क्रू जाग्यावरच. आटे जाम असले की रबराच्या हातात काही राहत नाही.

मग एक नंबर मोठा बिट घेतला आणि हातोडीनं हलकेच चार टोले देऊन वाटीत बसवला. मोठ्या बिटाच्या कडा नवीन जागा धरतात, शिवाय टोल्यांनी आट्यांतला गंजही हलतो. मास्तरांना डबा खालून लाकडाच्या ठोकळ्यावर धरायला लावला, नाहीतर टोल्याचा मार हँडलच्या क्लॅम्पवर बसतो. बिट जरा धरल्यासारखा वाटला, मग परत गरकन फिरला.

राहिला इझी-आउट, अडकलेला स्क्रू आतून धरून काढायचं हत्यार. सेंटर पंच मारून दोन मिलिमीटरचं ड्रिल बरोब्बर मधोमध घातलं, इझी-आउट हलकेच ठोकला आणि टॅप हँडलनं डावीकडं फिरवायला लागलो. याचे आटे उलटे असतात, जितकं डावीकडं फिरवाल तितका घट्ट रुततो. त्यानं धरलं. पण हाताला लवचिक वाटायला लागलं, तारेला पीळ द्यावा तसं. स्क्रू फिरत नव्हता, इझी-आउटच पिळत होता. तिथंच थांबलो. तीन वर्षांपूर्वी मी थांबलो नव्हतो. इझी-आउट कडक पोलादाचा, आत तुटला की साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही. तेव्हा गिऱ्हाइकाला अख्खा डबा माझ्या पैशानं बसवून दिला होता. चार मिलिमीटरच्या स्क्रूला जाणारा इझी-आउट काडीएवढाच असतो, त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा?

उलटा फिरवून तो काढला. साडेचारचं ड्रिल लावलं आणि नुसतं डोकं उडवलं. डोकं ड्रिलवर अडकून गरगर फिरायला लागलं तेव्हा समजलं, सुटलं. लोखंडाचा किस चुंबकानं उचलला आणि मगच झाकण काढलं. खालची रबरी पडदी तशीच ठेवली, आत कण जायला नको. गंज सोडवायचं तेल फवारलं नाही, काडीनं एकच थेंब आट्यांशी सोडला. खनिज तेल ब्रेकमध्ये गेलं तर आतली रबरं फुगतात.

आता झाकणाच्या जाडीएवढा दांडा वर उभा होता. डोक्याचा ताणही गेलेला. व्हाइस प्लायरनं धरला, जरा पुढं-मागं केला, तर हातानं फिरेल असा निघाला. आट्यांत पांढरी पूड भरलेली.

पोरगं म्हणालं, "काका, आता ऑइल भरा."

डब्यावरची खूण बघितली. ऑइल तळाच्या रेघेशी होतं, पण गळती कुठंच नाही. मग पुढच्या चाकाशी वाकलो. ब्रेक पॅड पार पत्र्याला टेकायला आलेले. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो आणि वरचं ऑइल खाली उतरतं. नवीन पॅड घालायला पिस्टन आत ढकलला, तसं ऑइल आपोआप वरच्या रेघेजवळ आलं. आधीच भरलं असतं तर उतू जाऊन टाकीचा रंग गेला असता.

मास्तर पोराकडं बघायले होते. "म्हंजे हे झाकन उघडायचंच नव्हतं?"

"नव्हतं," मी म्हणालो. "पॅड आधी बघायला पायजे होते. मी पन."

दोन नवीन स्क्रू ॲलन डोक्याचे लावले, दोन बोटांनी बसतील तेवढेच आवळले.

दांड्याचे पैसे घेतले नाहीत, पॅडचे घेतले.