भोगीच्या ताटावर फ्रेंचमध्ये पाच मिनिटं

सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी यंदा पुण्याहून तीन फ्रेंच मित्रमैत्रिणींना घेऊन सोलापूरला मावशीकडे गेले. भोगीचा दिवस होता. जेवणाआधी या सणाबद्दल फ्रेंचमध्ये बोलायचं मी कबूल केलं होतं, पण मावशी स्वयंपाकघरातून ओरडली, "लवकर आटप गं, भाकरी गार झाली की कडक होते!" तेव्हा जे काही सांगायचं ते पाच मिनिटांत.

सुरुवात सणाने न करता प्रश्नाने केली: "शेंगदाणे किंवा तिळाची कुणाला अ‍ॅलर्जी?" तीळ म्हणजे 'सेझाम', शेंगदाणे 'आराशीद', दोन्ही युरोपात जाहीर करणं सक्तीचं असलेल्या चौदा अ‍ॅलर्जनांच्या यादीत आहेत. आणि सोलापुरात संक्रांत म्हणजे शेंगपोळी, शेंगाचटणी, भाजीतही दाण्याचं कूट. तिघांतल्या एकीने शेंगदाण्यांसाठी हात वर केला. कूट न घातलेली भाजी मावशीने आधी बाजूला काढली. तिळाची चटणी मात्र तिच्या ताटात वाढली नाही, कारण दाण्याचं कूटही त्याच खलबत्त्यात केलं होतं.

मग ताट. "ओं मांज दे गालेत द मिल ओ सेझाम," म्हणजे आम्ही तीळ लावलेली बाजरीची भाकरी खातो. 'गालेत' म्हटल्यावर फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या मित्राला लगेच उमगलं, कारण त्यांच्याकडची सारासँची, म्हणजे कुट्टूची गालेतही ग्लूटेनशिवायच. फरक एवढाच की ते पातळ पीठ तव्यावर पसरतात आणि आपण गरम पाण्यात मळून थापतो. बाजरीला चिकटपणा नाही, गार पाण्यात मळली तर कडेने चिरते. भाजीत वांगं, गाजर, घेवडा, ओला हरभरा, म्हणजे जानेवारीत शेतात असतं ते सगळं.

खरी गंमत पुढे झाली. "दमँ, ल सोलेय आंत्र दां ल काप्रिकॉर्न," उद्या सूर्य मकरेत जातो, असं म्हणताच ब्रिटनीवाल्याने अडवलं. त्याच्याकडे मकर रास सुरू होते २२ डिसेंबरच्या सुमारास, दिवसही तेव्हापासूनच मोठा होऊ लागतो. मग उद्या काय उरलं? बरोबर आहे त्याचं. त्यांच्या राशी ऋतूंवर बांधलेल्या, म्हणजे वसंतसंपातापासून, मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हाच्या सूर्याच्या जागेपासून मोजलेल्या. आपलं पंचांग ताऱ्यांवरून मोजतं. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो, त्यामुळे संपातबिंदू ताऱ्यांमधून मागे सरकतो, साधारण ७२ वर्षांत एक अंश. आज दोन्ही मोजण्यांत सुमारे २४ अंशांचं अंतर पडलंय. म्हणून वाक्यात "दाप्रे नोत्र कालांद्रिए" घालावंच लागतं: आमच्या पंचांगाप्रमाणे. तेवढे शब्द जोडले आणि तो गप्प झाला. पण मावशीच कुतूहलाने म्हणाली, "म्हणजे उत्तरायण आधीच झालं की काय?" झालंय, मावशी. तिळगूळ मात्र उद्याच.

शेंगपोळीवर तूप ओतताना मावशीने भाषण थांबवलं. यात्रेतल्या नंदीध्वजांबद्दल घरी काही सांगितलंच नाही. कंबरेला पट्टा बांधून, पांढऱ्या बाराबंदीत तो उंच ध्वज पेलणारे लोक मिरवणुकीत समोर दिसतातच, तिथे माझ्या फ्रेंचची गरज नव्हती.