पऱ्हाटीतला प

नववीत मराठीच्या सरांनी भुजंगप्रयात वृत्त शिकवलं, तेव्हा फळ्यावर रोजच्या प्रार्थनेतली ओळ लिहिली: मना सज्जना भक्तिपंथेचि जावे. 'म' लघु, त्याची एक मात्रा; 'ना' गुरू, त्याच्या दोन. 'स' ऱ्हस्वच, पण पुढे 'ज्ज' आहे. म्हणताना सज्‌ असं अडखळून पुढे जावं लागतं, म्हणून तोही गुरू. तसाच 'भ'. लघु-गुरू-गुरू असा तिघांचा यगण, तो चार वेळा. बारा अक्षरं, वीस मात्रा.

त्या वर्षी हस्तलिखितासाठी मी दोन ओळी लिहिल्या:

पुन्हा पावसाने दिली आज हाळी
शिवारात माझ्या उभी ही पऱ्हाटी

मग नियम लावत बसलो आणि घाबरलो. 'न्हा' जोडाक्षर, म्हणजे 'पु' गुरू. 'ऱ्हा' जोडाक्षर, म्हणजे 'प' गुरू. दोन्ही ओळी मोडल्या! 'पऱ्हाटी' खोडून मी त्याच अर्थाचं 'कपाशी' केलं. 'पुन्हा' काढून पहिली ओळ फिरवली: आज पावसाने दिली नवी हाळी.

सरांनी वही पाहिली. "अक्षरं मोज," म्हणाले. बारा. "मात्रा?" वीस. "आता म्हण." म्हटलं, तर चाल पहिल्याच शब्दाला अडली. 'आ' गुरू, 'ज' लघु, सुरुवातच उलटी. मोजणी तीच होती, पण वजनांची जागा हलली की वृत्त उरत नाही, हे मला त्या दिवशी कानानं कळलं.

मग त्यांनी खोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं. "बाबू, तुह्या घरी काय म्हणतेत रे?"

"पऱ्हाटी, सर."

"मोठ्यानं म्हण. 'प'वर थांबतं का जीभ?"

थांबत नव्हती. प-ऱ्हा-टी. आमच्या वावरात दिवसभर कानी पडणारा शब्द, पण मी तो असा कधी ऐकलाच नव्हता. सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले: दर्या आणि दऱ्या. समुद्राच्या दर्यात 'द'वर जोर येतो, दर्‌ असा, म्हणून तो गुरू. डोंगरातल्या दऱ्यांत तो हलकाच राहतो, म्हणून लघु. संस्कृतात जोडाक्षर आलं की मागचं अक्षर जवळजवळ नेहमीच जड होतं. मराठीत आधी उच्चार पाहायचा: मागच्या अक्षरावर आघात येत असेल तरच ते गुरू. पुन्हा, तुम्ही, तुझ्या, कुऱ्हाड यांत तो येत नाही. पण सत्य, पुस्तक, गप्पा यांत येतो, तिथे सूट नाही. म्हणून मी आजही कागदावर खुणा करण्याआधी ओळ मोठ्यानं म्हणून पाहतो.

'कपाशी'नंही वृत्त जुळत होतं, क-पा-शी, तेच वजन. सरांनी ते मान्य केलं. तरी पेन माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुहा शब्द लिही." मी 'कपाशी'वर रेघ मारली, 'पऱ्हाटी' लिहिलं, आणि 'प'च्या डोक्यावर त्यांनी स्वतः लघुची खूण काढली.