बीटा हाती नसताना भागभांडवलाचा खर्च : कुपवाडच्या कंपनीची पुढची नोंद

मागील नोंदीत उल्लेख केलेल्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील लहान सूचीबद्ध कंपनीचा बीटा, म्हणजे बाजाराच्या चढउताराबरोबर तिचा शेअर किती हलतो याचे माप, मी बाजूला ठेवला आहे. तिच्या शेअरचा व्यवहार कित्येक दिवस होतच नाही, जुनाच भाव पुढे ओढला जातो आणि त्यामुळे निर्देशांकाशी असलेला संबंध खोटाच कमी दिसतो. बीटा 0.3 येतो, 7 टक्के जोखीममुक्त दर आणि बाजाराचे 7 टक्के जोखीम अधिमूल्य धरल्यास भागधारकांची अपेक्षा, म्हणजेच भागभांडवलाचा खर्च, 9.1 टक्के ठरते. बँक याच कंपनीला मुदत कर्ज 10.5 टक्क्यांनी देते. सर्वांत शेवटी पैसे मिळणाऱ्या भागधारकाने बँकेपेक्षा कमी परताव्यावर समाधान मानावे, हे पटण्यासारखे नाही.

म्हणून या वेळी लाभांश वाढ पद्धत लावून पाहिली. भाव 240 रुपये, लाभांश 6 रुपये आणि प्रतिभाग उत्पन्न 20 रुपये असल्याने नफ्याचा 70 टक्के भाग कंपनीत राहतो. भागभांडवलावरील 15 टक्के परताव्याशी त्याचा गुणाकार केला की वाढ 10.5 टक्के येते. पुढील वर्षाचा लाभांश 6.63 रुपये, भावाशी त्याचे प्रमाण 2.8 टक्के, आणि त्यात वाढ मिळवली की एकूण खर्च सुमारे 13.3 टक्के. मात्र पाच वर्षांत लाभांश 4 वरून 6 रुपयांवर गेला, ती 8.4 टक्क्यांची वाढ घेतल्यास उत्तर 11.2 टक्क्यांवर उतरते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बीटा बिघडवणारा तोच शिळा भाव या सूत्रातही आहे, पण तो 240 ऐवजी 200 धरला तरी उत्तर जेमतेम अर्ध्या टक्क्याने हलते. खरा भार वाढीच्या गृहीतकावर आहे, आणि 10.5 टक्के वाढ कायमची मानणे मला धाडसाचे वाटते.

दुसरी पद्धत म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या दीर्घकालीन कर्जाचा दर अधिक जोखीम अधिमूल्य. दर करपूर्वच घ्यावा, कारण व्याजावरील करबचत कंपनीला मिळते. धनकोची अपेक्षा तिने कमी होत नाही. अधिमूल्य प्रथेने 3 ते 5 टक्के धरतात. त्याला आधार अनुभवाचा आहे, सिद्धांताचा नाही. या कंपनीचे रोखे बाजारात नाहीत आणि 10.5 टक्के हा दर यंत्रसामग्रीचे तारण व प्रवर्तकांची वैयक्तिक हमी यांच्या जोरावर मिळालेला आहे. विनातारण कर्ज याहून महाग पडले असते, म्हणून मी 3 टक्के न घेता 4 टक्के घेतले आणि 14.5 टक्क्यांवर थांबलो.

हाच आकडा मूल्यांकनाच्या तक्त्यात ठेवला आहे. लाभांश पद्धतीचे 13.3 टक्के मुळात आजच्या भावातूनच निघालेले असल्याने, त्याच दराने मूल्य काढल्यास 240 हाच आकडा परत येतो आणि भाव महाग की स्वस्त हे कळत नाही. तीच 10.5 टक्के वाढ कायम ठेवून दर 14.5 घेतला आणि पुढील वर्षाच्या लाभांशाला या दोहोंतील फरकाने भागले, तर मूल्य सुमारे 166 रुपये निघते. पुढील काम वाढीचा दर हळूहळू 7 टक्क्यांवर आणण्याचे आहे. त्यानंतर हा आकडा आणखी खाली जाईल.