सतारीचे बोल

बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी म्हणजे कॉम्प्रेसरची धडधड. ती बंद पडली तर ज्यात बर्फाचे डबे बुडवलेले असतात ते मिठाचं गार पाणी तापायला लागतं, मग लादी मधे पोकळ राहते. डब्यातून काढल्यावर मधला भाग हलला की समजायचं, गोठलीच नाही. पहाटे बोटवाले ती लादी कशाला घेतील? म्हणून रात्रभर त्याच आवाजाला कान लावून बसायचं. मला त्याची चीड येते, खरं सांगायचं तर.

आज सकाळी रत्नागिरी-मालगुंड एसटीत शेजारी एक शाळकरी मुलगी होती, काव्यवाचनाला निघालेली. "काका, एवढं धरा, चुकलं तर सांगा." केशवसुतांची 'सतारीचे बोल'. मालगुंड त्यांचंच गाव, पण शाळेनंतर कुठे वाचलंय मी!

काळोख्या रात्री एक खचलेला माणूस भटकतोय. खिडकीतून सतार ऐकू येते, 'दिड दा, दिड दा, दिड दा'. मला वाटलं, आता त्याला बरं वाटेल. छे! तो आधी संतापतो, वाजवणाऱ्याला ठोसा मारायला निघतो. तिथेच मी अडकलो. हा तर आमच्यातला! सूर तोच राहतो, ऐकता ऐकता याचा राग विरघळतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि शेवटी तो घरी जाऊन चक्क झोपतो.

पोरगी एका ओळीला अडखळली, मी सांगायचंच विसरलो. ती रागावली. बरोबरच आहे.

आज रात्री त्या धडधडीचा ठेका मोजून बघणार आहे. कॉम्प्रेसर काही सतार नव्हे, पण चुकला की कळतो मला.